बारावी राज्यशास्त्र: ‘देश स्वार्थी असतात’ हे उत्तर का चालत नाही?

रेघोटी

मंडळी, मदत हवी आहे. लेकीचा सराव पेपर तपासून आला. प्रश्न असा होता: ‘हवामान बदल हा राजकीय प्रश्न आहे. त्यावर आंतरराष्ट्रीय करार होणे अवघड का जाते, ते उदाहरण देऊन स्पष्ट करा.’ आठपैकी तीन मार्क. समासात लाल शाईत एवढंच: ‘हा भूगोल झाला. राजकारण कुठे आहे?’

तिने पान-दीड पान लिहिलंय. हरितगृह वायू, वितळणारे हिमनग, समुद्राची पातळी, आणि शेवटी एकच वाक्य: ‘परंतु सर्व देश स्वार्थी असल्यामुळे एकमत होत नाही.’ मी वाचलं तेव्हा मला त्यात काही चूक दिसेना. आता तीही म्हणते, ‘आई, स्वार्थी नाही तर काय म्हणू?’ मी बी.कॉम. आहे, माझा इथे नाइलाज आहे. कुणी सांगेल का, यात राजकारण म्हणजे नेमकं काय लिहायचं?

ढगांच्या_गावा

ताई, आकडे घालायला सांगा. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत साधारण 280 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय. मिथेनचंही लिहा, लोक ते विसरतात. तापमानवाढीची आकृती काढली तर तपासणाऱ्याला आवडते. माझ्या भाच्याने काढली होती, पूर्ण मार्क मिळाले.

रेघोटी

भाच्याचा पेपर कुठल्या विषयाचा होता हो?

ढगांच्या_गावा

पर्यावरण शिक्षण. बरं, लक्षात आलं. गप्प बसतो.

चष्मिष्ट

यात अवघड काय आहे? देशांच्या डोक्यावर सरकार नाही. पोलीस नाही, सक्तीने ओढून नेणारं कोर्ट नाही. हवामानाचा पॅरिस करार बंधनकारकच नाही, त्यामुळे अमेरिका आणि चीन त्याला भीक घालत नाहीत. उद्या करार बंधनकारक केला आणि मोडणाऱ्याला दंड ठेवला, की प्रश्न मिटला. हे चार ओळींत लिहा, सात मार्क कुठे गेले नाहीत.

सुकाणू

चष्मिष्ट, तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच खरं उत्तर आहे. मी बरीच वर्षं हा विषय शिकवला, त्यामुळे जरा लांबण लागेल.

रेघोटीताई, लेकीला म्हणावं, अख्खा करार विसर, एकच शब्द बघ. 12 डिसेंबर 2015, पॅरिस. दोन आठवड्यांची वाटाघाट संपत आलेली. दुपारी अंतिम मसुदा वाटला गेला. त्यातल्या चौथ्या कलमाच्या चौथ्या परिच्छेदात असं होतं की विकसित देशांनी संपूर्ण अर्थव्यवस्थेसाठी उत्सर्जन घटवण्याचं लक्ष्य घेऊन पुढाकार घेत राहावा. या वाक्यात इंग्रजीत ‘शॅल’ पडला होता. त्याच परिच्छेदात पुढे विकसनशील देशांसाठी मात्र ‘शुड’ होता. कायद्याच्या भाषेत ‘शॅल’ म्हणजे करावंच लागेल, ‘शुड’ म्हणजे करावं अशी अपेक्षा.

अमेरिकेच्या वकिलांनी हे पाहिलं आणि धावपळ सुरू झाली. परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी परिषदेचे अध्यक्ष, म्हणजे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लोराँ फाबियुस यांना कळवलं की हा शब्द राहिला तर आम्हाला या करारात येता येणार नाही. आधीच्या मसुद्यांत ‘शुड’ होता, त्यामुळे ही नजरचूक आहे असं सांगितलं गेलं. संध्याकाळची बैठक लांबली. प्रतिनिधी सभागृहात ताटकळत, पुढे कोंडाळी करून कुजबुज. अखेर सचिवालयाच्या अधिकाऱ्याने ‘तांत्रिक दुरुस्त्या’ म्हणून एक यादी भराभर वाचून दाखवली. इथला स्वल्पविराम, तिथला क्रमांक, आणि त्यांच्यामध्येच, 4.4 मध्ये ‘शॅल’च्या जागी ‘शुड’. साडेसातच्या सुमारास फाबियुस यांनी छोटी हिरवी हातोडी आपटली, टाळ्या झाल्या, करार झाला.

एका शब्दासाठी जवळपास दोनशे देश का थांबले, याचं उत्तर म्हणजे लेकीच्या प्रश्नाचं उत्तर.

टवाळखोर

म्हणजे जगाचं भवितव्य शुद्धलेखन तपासणाऱ्यावर अवलंबून होतं. पोराटोरांना उगाच इंजिनियर करतोय आपण.

रेघोटी

सुकाणूकाका, गोष्ट कळली, पण कारण नाही कळलं. केरींना तो शब्द का नको होता? त्यांचं सरकार तर हवामानाच्या बाजूचं होतं ना?

सुकाणू

हाच प्रश्न विचारायला हवा होता. सरकार बाजूचंच होतं. म्हणूनच तर ‘स्वार्थी’ हा शब्द इथे पुरत नाही.

अमेरिकेत आंतरराष्ट्रीय तहाला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. शंभर सदस्यांपैकी 67. उत्सर्जन घटवण्याचं नवं कायदेशीर बंधन पत्करलं असतं, तर करार सिनेटपुढे न्यावाच लागला असता, आणि तिथे तो पडणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बंधन नसेल, तर राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या अधिकारात सही करू शकतो. ओबामांनी तेच केलं.

सिनेट इतकी ठाम का, यासाठी 1997 मध्ये जावं लागतं. जपानमधल्या क्योटो हवामान परिषदेच्या चार-पाच महिने आधी, जुलैमध्ये सिनेटने एक ठराव केला. मांडणारे सिनेटर बर्ड आणि हेगेल, एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. ठराव असा: ज्या करारात विकसनशील देशांवर त्याच मुदतीत बंधन नाही, किंवा ज्याने आपल्या अर्थव्यवस्थेचं गंभीर नुकसान होईल, त्यावर अमेरिकेने सही करू नये. मतदान 95 विरुद्ध 0. एकही विरोधी मत नाही! आणि डिसेंबरमध्ये क्योटोत नेमका तसाच करार झाला. श्रीमंत देशांना आकडे बांधून दिले, सरासरी 1990 च्या पातळीपेक्षा पाच टक्के कमी, 2008 ते 2012 या काळात. चीन-भारतावर काहीच आकडा नाही. क्लिंटन सरकारने 1998 मध्ये सही केली, पण कागद सिनेटपुढे नेलाच नाही. 2001 मध्ये बुश यांनी तो सरळ झटकला.

वाटाघाट दोन टेबलांवर चालते म्हणा ना. एक परदेशात, दुसरं घरात. बाहेरच्या टेबलावर होकार द्यायला निघालेला माणूस घरच्या टेबलाकडे बघून शब्द बदलतो. घरात कोळसा खाणीचा मतदारसंघ असतो, पेट्रोलच्या दरावर पडणारी सरकारं असतात, चार-पाच वर्षांत येणारी निवडणूक असते. फायदा मात्र मिळणार पन्नास वर्षांनी, तोही दुसऱ्याच देशातल्या माणसाला. याला म्हणतात राजकीय प्रश्न.

ढगांच्या_गावा

पण चीन-भारताला सूट होती हे अमेरिकेला खटकलं, त्यात त्यांचं काय चुकलं? आज सगळ्यात जास्त धूर चीनचा.

सुकाणू

तुम्ही मोजायला कुठली फूटपट्टी घेता त्यावर आहे. एका वर्षाचा एकूण धूर घेतला तर चीन पहिला, अमेरिका दुसरी, भारत तिसरा. माणशी घेतला तर भारत जगाच्या सरासरीच्याही बराच खाली, अमेरिकन माणूस आपल्या कितीतरी पट. आणि औद्योगिक क्रांतीपासूनची बेरीज केली तर अमेरिका पहिली, जवळपास चौथा हिस्सा तिचा. प्रत्येक देश आपल्याला सोयीची फूटपट्टी घेऊन येतो, आणि गंमत म्हणजे एकही फूटपट्टी खोटी नाही. कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतकं राहतो, त्यामुळे आजोबांचा धूरही हिशेबात धरावा लागतो.

1992 च्या हवामानाच्या मूळ करारात देशांची यादी केली होती, कोणाची जबाबदारी जास्त याची. ती यादी जवळपास त्याच वर्षात गोठली. तेव्हा दक्षिण कोरिया, सिंगापूर, सौदी अरेबिया बाहेर होते, ते बाहेरच राहिले. पॅरिसमध्ये ती यादी बाजूला ठेवली आणि ‘प्रत्येकाने आपापलं ठरवून आणा’ हा मार्ग काढला. शॅल-शुडचा वाद म्हणजे त्या जुन्या यादीचं शेपूट. एकाच परिच्छेदात श्रीमंतांना सक्ती आणि इतरांना अपेक्षा, ही विभागणी अमेरिकेला पुन्हा शिरू द्यायची नव्हती.

चष्मिष्ट

ठीक, इतिहास मान्य. पण माझा मुद्दा उलट पक्काच झाला. ‘शुड’ केला, अमेरिकेला सांभाळून घेतलं, आणि मिळालं काय? 2020 मध्ये बाहेर. 2021 मध्ये आत. 2025 च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडायचा आदेश. ज्याच्यासाठी भिंत पाडली, तोच दोनदा घर सोडून गेला. मग बंधनकारक करूनच टाकायचं होतं की.

सुकाणू

बोचरा प्रश्न आहे, आणि खरं सांगतो, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडेही नाही. पण ‘बंधन घाला, दंड लावा’ याची चाचणी झालेली आहे. क्योटोत दंड होता. लक्ष्य चुकलं तर जेवढं चुकलं ते पुढच्या कालखंडात भरून काढायचं, वर तीस टक्के जास्त. कॅनडाने 1990 पेक्षा सहा टक्के घट कबूल केली होती, उत्सर्जन मात्र वाढलं. 2011 च्या डिसेंबरमध्ये कॅनडाने राजीनामा दिला, वर्षभराने तो लागू झाला. दंड वसूल करायचा कोणाकडून? जो गेला तो गेला. दंड लागतो तो राहणाऱ्याला, आणि राहायचं की नाही ते ज्याचं तोच ठरवतो.

आणि हो, ‘पॅरिस करार बंधनकारक नाही’ असं पेपरात लिहू नका, ते चूक आहे. दर पाच वर्षांनी आपलं लक्ष्य तयार करून कळवणं, हिशेब देणं, यात ‘शॅल’च आहे. ते लक्ष्य गाठणं मात्र बंधनकारक नाही. अर्ज भरणं सक्तीचं, पास होणं ऐच्छिक. यावर देखरेख करणारी एक समितीही आहे, तिच्याबद्दल करारातच लिहिलंय की ती दंड करणारी असणार नाही.

टवाळखोर

अर्ज भरणं सक्तीचं, पास होणं ऐच्छिक. आमच्या वेळी असं कॉलेज असतं तर आज मी डॉक्टर असतो.

पोलादी

मी जरा वेगळं सांगतो, चूक असेल तर सांगा. आमचं नट-बोल्टचं छोटं युनिट आहे, थोडा माल युरोपात जातो. 2023 च्या ऑक्टोबरपासून तिकडचा गिऱ्हाईक एक तक्ता पाठवतो. पोलाद कुठल्या भट्टीचं, वीज किती लागली, एका टनामागे धूर किती. आमच्या पोलाद पुरवणाऱ्याला विचारलं तर तो हसला. आकडा दिला नाही तर ते आपल्या मनाचा आकडा लावतात, आणि तो नेहमी जास्तच असतो. 2026 पासून जाणाऱ्या मालावर खरे पैसे लागू. आता मला सांगा, मी कुठल्या परिषदेला गेलो होतो? कोणी ‘शुड’ म्हणालं नाही की ‘शॅल’ म्हणालं नाही. पण मला करावं लागतंय.

चष्मिष्ट

बघा! हेच मी म्हणत होतो. पैशाला हात लावला की सगळे सुतासारखे सरळ.

सुकाणू

पोलादीसाहेब, तुम्ही धाग्यातलं सगळ्यात कामाचं उदाहरण दिलंत. युरोपीय संघाचा हा सीमेवरचा कार्बन कर. एकमताची वाट न बघता, आपल्या बाजारपेठेच्या दारावर उभं राहून घातलेली अट. आणि भारत, चीन त्याला अन्याय्य का म्हणतात तेही तुमच्याच पोस्टमध्ये आहे: ज्या खोलीत तुम्ही नव्हता तिथे नियम ठरला, आणि हिशेब ठेवायचा खर्च तुमच्या अंगावर आला. चष्मिष्ट, मी याला सरळ होणं म्हणणार नाही. पण कागदावरच्या ‘शॅल’पेक्षा याला दात जास्त, हे मान्य.

अर्धविराम

धागा उशिरा पाहिला. चष्मिष्ट यांच्या बाजूने एक मुद्दा. ओझोनचा करार झालाच ना? मॉन्ट्रियल, 1987. तिथे बंधनही होतं, करारात न आलेल्या देशांशी त्या वायूंच्या व्यापारावर बंदीही होती, आणि गरीब देशांना बदलासाठी पुढे निधीही दिला. तो करार जगातल्या सगळ्या देशांनी मान्य केला, आणि ओझोनचा थर सावरतोय. म्हणजे देश स्वभावतः भांडखोर नाहीत.

सुकाणू

उत्तम उदाहरण, आणि लेकीने हेच तुलनेला घ्यावं. पण फरक बघा. ते वायू बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मोठ्या कंपन्यांकडे पर्याय तयार होत होता. फ्रिजमधला वायू बदलला तरी फ्रिज फ्रिजच राहिला. कोळसा-तेल असं काढून दुसरं घालता येत नाही, कारण वीज, सिमेंट, पोलाद, खत, वाहतूक सगळं त्यावरच उभं आहे. फ्रिजच्या वायूसाठी कुठलं सरकार पडलं नाही.

अर्धविराम

पटलं, पण पूर्ण नाही. सौर विजेचा पर्याय आता आहे की, स्वस्तही झालाय. 2015 मध्ये जे अवघड होतं ते आज तितकं अवघड असायला नको. तरी 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत शेवटच्या तासात कोळसा ‘टप्प्याटप्प्याने बंद’ करण्याऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी’ झालाच. आणि तो बदल वाचून दाखवला भारताने. अध्यक्ष आलोक शर्मा यांनी सभागृहाची माफी मागितली, आवाज दाटला होता त्यांचा. तेव्हा फक्त अमेरिकेला झोडपू नका, शब्द सैल करायची वेळ आली की सगळ्यांचे हात सारखेच.

सुकाणू

भारताचं म्हणणंही सांगायला हवं: नुसता कोळसाच का, तेल आणि वायू का नाही? ते ज्यांच्याकडे आहेत त्यांचं नाव त्या वाक्यात नव्हतं. पण तुमचा मुद्दा खोडत नाही मी.

रेघोटी

सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीला सगळा धागा वाचायला दिला. तिने पुन्हा लिहिलंय, एक तुकडा जसाच्या तसा देते:

‘2015 मध्ये पॅरिस येथे एका शब्दावरून करार अडला होता. सक्ती दर्शवणारा शब्द राहिला असता तर अमेरिकेला सिनेटच्या 67 मतांची गरज पडली असती. म्हणून शब्द सौम्य केला गेला. यावरून दिसते की करार किती कडक होईल हे सर्वात अनिच्छुक मोठ्या देशाच्या अंतर्गत राजकारणावर ठरते. कडक करार केला तर मोठे देश बाहेर राहतात (क्योटो), सैल केला तर सगळे येतात पण काम कमी होते (पॅरिस).’

सुकाणू

शाब्बास! याला मी आठपैकी सात दिले असते. एक मार्क कापतो कारण ‘सगळे येतात’ हे खरं नाही. निकाराग्वा सुरुवातीला पॅरिस करारात आला नाही, करार फार सैल आहे म्हणून. 2017 मध्ये आला. सैलपणामुळे रुसणाराही असतो, हे विसरू नये.

रेघोटी

त्यावर तिचा एक प्रश्न आहे, मला उत्तर देता आलं नाही. हातोडी आपटल्यावर निकाराग्वाने आक्षेप घेतला असं तिने कुठेतरी वाचलं. एकमत लागतं म्हणता, मग एक देश नाही म्हणत असताना करार झाला कसा?

सुकाणू

पोरगी हुशार आहे. याचं उत्तर जरा लाजिरवाणं आहे. या हवामान परिषदांत मतदान कसं घ्यायचं याचा नियमच आजतागायत मंजूर झालेला नाही. 1995 च्या पहिल्या परिषदेपासून तो नियम मसुद्यात तसाच पडून आहे, कारण किती मतांनी निर्णय घ्यायचा यावरच एकमत नाही. म्हणून सगळं सहमतीने चालतं, आणि सहमती आहे की नाही हे हातोडी हातात असलेला माणूस खोलीकडे बघून ठरवतो. 2010 मध्ये कानकुनला बोलिव्हिया उघड विरोध करत असताना मेक्सिकोच्या पॅट्रिशिया एस्पिनोसा यांनी हातोडी आपटली. म्हणाल्या, सहमती म्हणजे एका देशाला नकाराधिकार नव्हे. त्याच्या आदल्या वर्षी कोपनहेगनला काही मोजक्या देशांनी आक्षेप घेतला, तर तिथला करार मंजूर न होता नुसती त्याची ‘नोंद’ घेतली गेली. म्हणजे नियम तोच, हातोडी वेगळी.

चष्मिष्ट

म्हणजे बोलिव्हियाचं ‘नाही’ चालत नाही, अमेरिकेचं चालतं. हे लिहिलं तर तिला किती मार्क मिळतील?

सुकाणू

तपासणारा कोण आहे त्यावर.

रेघोटी

ती आत्ता विचारतेय की अमेरिकेऐवजी बोलिव्हियाने तो ‘शॅल’ काढायला सांगितला असता तर ती ‘तांत्रिक दुरुस्ती’ ठरली असती का. मी म्हटलं, जेवायला चल आधी.